जुन्या विद्यार्थिनीच्या आभारपत्रावर गुरुजींनी कॅप्शन कसं लिहावं

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो आहे. वीसेक वर्षांपूर्वी चौथीत असलेल्या विद्यार्थिनीचं पत्र परवा आलं. ती आता परिचारिका आहे. पत्रात आहे, "वेचणीच्या दिवसात माही शाळा बुडे. तुमी लहान्या भावाजवळ वही पाठवत होते. मी रात्री गणितं सोडवत होती अन सकाळी भाऊ वही घेऊन जाय. तुमी खाली लिहत होते, छान, उद्या पुढचं पान. ते वही मायने अजून ठेवली आहे." मला तर हे नीट आठवतही नाही. वाचून गळा दाटला. पत्राचा फोटो फेसबुकवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवावासा वाटतो, पण बढाई वाटायला नको. कॅप्शन काय लिहू?

उत्तर:

गुरुजी, घाई असेल तर हे चार ओळींचं कॅप्शन घ्या. स्टेटसला पुरेसं आहे.

"वीसेक वर्षांनी एका विद्यार्थिनीचं पत्र आलं.
ज्या वहीबद्दल तिने लिहिलंय, ती मला नीट आठवतही नाही.
तिच्या मायने ती अजून ठेवली आहे.
पोरी, पत्र पोचलं. काय लिहावं, सुचत नाही."

फेसबुकसाठी यापेक्षा मोठं, नीट बांधलेलं कॅप्शन पुढे देतो. त्याआधी हे चार ओळींचं कॅप्शन का चालतं ते सांगतो, म्हणजे त्यात स्वतःचे शब्द घालताना तोल जाणार नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: "मला तर हे नीट आठवतही नाही." नम्रता याच ओळीत आहे. ती दाखवण्यासाठी आणखी काही लिहावं लागत नाही. आपण रोजच्या कामाचा भाग म्हणून काहीतरी केलं, विसरून गेलो आणि समोरच्या पोरीने ते वीस वर्षं मनात ठेवलं, हे वाचणाऱ्याला एका वाक्यात कळतं. तुम्हाला सगळं आठवत असतं आणि तुम्ही तो प्रसंग रंगवून सांगितला असता, तर तेच पत्र तुमच्या चांगुलपणाचा दाखला झालं असतं. म्हणून ही ओळ गाळू नका आणि "तो दिवस आजही डोळ्यासमोर आहे" अशी तयार ओळ तिच्या जागी बसवू नका. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला प्रसंग खरोखर आठवत असेल तर त्याने तो विद्यार्थ्याच्या बाजूने सांगावा. "मी तिला वही पाठवत होतो" यापेक्षा "तिची वही सकाळी माझ्या टेबलावर आलेली असायची" हे बरं. काम तेच, पण वाक्यात मेहनत कोणाची दिसते ते बदलतं.

कॅप्शनला हात घालण्यापूर्वी पेन्सिल घेऊन पत्र एकदा वाचा. मूळ पत्रावर नको, त्याची झेरॉक्स काढा किंवा ओळी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. कोणी काय केलं एवढंच पाहायचं आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची. तुमच्या पत्रात असं निघतं: वही पाठवली तुम्ही, शेरा लिहिला तुम्ही, गणितं सोडवली तिने, वही पोचवली भावाने, जपली मायने. तुमच्याकडे दोन कामं, बाकीच्यांकडे तीन. शिवाय तुमच्या दोनपैकी एक म्हणजे तीन-चार शब्दांचा शेरा. कॅप्शनमध्ये हेच प्रमाण राहू द्या. बहुतेक शिक्षकांच्या पोस्टमध्ये हे प्रमाण उलटं होतं. पत्रात सहा माणसं असतात आणि कॅप्शनमध्ये एकच उरतो, तो म्हणजे पोस्ट टाकणारा. वाचणाऱ्याला बढाईचा वास येतो तो शब्दांमुळे कमी आणि अशा गायब झालेल्या माणसांमुळे जास्त.

त्या लहान भावाकडे पुन्हा बघा. वही नेणं-आणणं त्याने किती दिवस केलं असेल, कधी विसरला असेल, कधी पावसाने भिजवली असेल, हे पत्रात नाही, म्हणून तुम्हीही लिहू नका. पण तो होता एवढं लिहिलंत तरी पुरे. गावाकडच्या वाचकाला तो लगेच दिसतो, कारण त्याच्या घरातही असं एक पोर होतं. तुमच्या शाळेत दुसऱ्या बाई किंवा गुरुजी असतील आणि तुम्ही रजेवर असताना वही त्यांनी तपासली असेल, तर त्यांना फोन करून विचारा. दोनशिक्षकी शाळेत असं एकट्याने क्वचितच होतं. त्यांनी होकार दिला तर त्यांचाही उल्लेख करा.

आता टाळायच्या गोष्टी. पहिली गोष्ट म्हणजे "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः" हा श्लोक. विद्यार्थ्याने गुरूसाठी म्हटला तर तो वंदन असतो. गुरूने स्वतःला आलेल्या पत्राखाली लिहिला तर तो स्वतःचीच पूजा मांडल्यासारखा होतो. हेतू तसा नसतो, पण बोलणारा बदलला की अर्थ बदलतो. "माझ्या संस्कारांचं चीज झालं", "माझी मेहनत फळाला आली", "मी घडवलेली विद्यार्थिनी" या वाक्यांचंही तेच. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणात, रात्रपाळीत, घरच्या जबाबदाऱ्यांत तुमचा वाटा नव्हता. चौथीच्या गणितात होता. श्रेय चौथीच्या गणितापुरतंच घेतलंत तर कोणाला खटकणार नाही.

दुसरी चूक याच्या विरुद्ध टोकाची. "मी तर निमित्तमात्र", "मी कोण पामर", "मी एक क्षुद्र शिक्षक" असं लिहिलं की वाचणाऱ्याला उलट उत्तर द्यावंच लागतं. "नाही सर, तुम्ही महान आहात" अशा प्रतिक्रियांची रांग लागते आणि पोस्ट स्तुती मागण्यासाठीच टाकली होती असं दिसू लागतं. शिवाय तिने मनापासून आभार मानले आणि तुम्ही म्हणालात "मी काहीच केलं नाही", तर तिचं पत्र खोटं ठरतं. आभार स्वीकारणं हेही तिच्या पत्राला दिलेलं उत्तर आहे. "पत्र पोचलं" हे दोन शब्द ते काम करतात.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. कॅप्शन तिच्या हुद्द्यावर उभं करू नका. "आज माझी विद्यार्थिनी शासकीय रुग्णालयात परिचारिका!" हे वाक्य लिहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण तुमची पोस्ट कोण वाचणार? तिच्याच वर्गातली पोरं. त्यातला एखादा शेती करतो, एखादा ट्रॅक्टर चालवतो, एखादी आठवीनंतर शाळा सोडून लग्न होऊन वर्धेकडे गेली. तुमच्यासाठी ते सगळेच विद्यार्थी आहेत. नोकरी मिळाली म्हणून पत्राची किंमत वाढली असं वाक्यातून दिसलं, तर त्यांच्यापैकी कोणीही तुम्हाला पुन्हा पत्र लिहिणार नाही. वहीबद्दल लिहिलंत तर त्यांनाही आपापल्या वह्या आठवतील. परिचारिका हा शब्द आलाच तर मधे कुठेतरी, उद्गारचिन्हाशिवाय यावा.

आता तिच्या भाषेबद्दल. तिने "तुमी", "माही", "लहान्या", "जाय", "ते वही" असं लिहिलं आहे. लाल पेन हाती धरण्याची सवय जन्मभराची, त्यामुळे कॅप्शनमध्ये उतरवताना हात आपोआप "तुम्ही", "माझी", "ती वही" असं करायला जातो. करू नका. अवतरणचिन्हांत तिचं वाक्य जसं आहे तसंच ठेवा, काना-मात्रेसकट. ती परिचारिका आहे, रोज नोंदी लिहिते, प्रमाण मराठी तिला येते. तुम्हाला लिहिताना ती घरच्या बोलीत आली आणि तुमच्याबद्दलचा जिव्हाळा त्यातच आहे. शुद्ध केलेलं वाक्य कोणाच्याही पत्रातलं वाटेल. "अन सकाळी भाऊ वही घेऊन जाय" हे तिच्याच पत्रातलं वाटतं. फक्त काळजी एवढीच की तिची बोली अवतरणात राहील आणि तुमची वाक्यं तुम्ही नेहमी लिहिता तशी राहतील. तिच्या बोलीची नक्कल तुमच्या वाक्यांत आली तर गंमत केल्यासारखी दिसते. आणि तुम्ही स्वतः घरी वऱ्हाडीच बोलत असाल तर अख्खं कॅप्शन त्यातच लिहा, तेही सुरेख होईल. अर्धं-अर्धं मात्र नको.

पोस्ट टाकण्याआधी एक काम राहतं, ते कॅप्शनहून महत्त्वाचं आहे. आधी तिला उत्तर द्या आणि विचारा. पत्राचा कागद तुमचा, पण त्यातला मजकूर तिचा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही पत्रातल्या मजकुराचा हक्क सामान्यतः लिहिणाऱ्याकडेच राहतो. पण कायद्यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. त्या पत्रात वेचणीमुळे शाळा बुडण्याची गोष्ट आहे. तिने ती तुम्हाला सांगितली, कारण तुम्हाला ती आधीच ठाऊक होती. तिच्या सासरी ठाऊक असेल का, ती जिथे काम करते तिथे तिला सांगावीशी वाटेल का, हे आपल्याला माहीत नाही. वाचणाऱ्यांत असाही कोणी निघतो जो खाली लिहितो, "एवढ्या लहान पोरीला वावरात नेत होते?" आणि ते बोट थेट तिच्या मायकडे जातं. ज्या बाईने ती वही वीस वर्षं जपली, तिला हे वाचायला लागू नये.

म्हणून तिला असा काहीतरी निरोप पाठवा, शक्यतो फोनवर बोलूनच:

"पोरी, तुझं पत्र मिळालं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. वहीची ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. मायला आणि लहान्याला नमस्कार सांग. एक विचारायचं होतं. तुझ्या पत्रातल्या दोन-तीन ओळी फेसबुकवर टाकल्या तर चालतील का? नाव, गाव, दवाखाना काही लिहिणार नाही. वेचणीचा उल्लेखही तू म्हणशील तसा. नको वाटलं तर तसं सरळ सांग, पत्र माझ्याजवळ आहेच."

शेवटचं वाक्य ठेवाच. गुरुजींनी विचारल्यावर नाही म्हणणं आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जड जातं. नकाराची वाट आधीच मोकळी करून दिली तर खरं उत्तर मिळतं. "चालेल सर, तुमची इच्छा" असं गुळमुळीत उत्तर आलं तर तो होकार धरू नका. मग ओळी न उचलता फक्त वरचं चार ओळींचं कॅप्शन टाका, फोटोशिवाय. त्यातही मायचा उल्लेख आहे, तो तिला वाचून दाखवून मगच ठेवा.

तिने मनापासून हो म्हटलं आहे असं धरून आता फेसबुकचं मोठं कॅप्शन:

"परवा एक पत्र आलं. चौथीत माझ्या वर्गात असलेल्या मुलीचं, वीसेक वर्षांनी.

तिने लिहिलंय, 'तुमी लहान्या भावाजवळ वही पाठवत होते. मी रात्री गणितं सोडवत होती अन सकाळी भाऊ वही घेऊन जाय.'

त्या वहीत मी खाली 'छान, उद्या पुढचं पान' असं लिहायचो, असं ती म्हणते. मला नीट आठवतही नाही.

रात्री जागून गणितं तिने सोडवली. वही नेण्या-आणण्याचं काम त्या लहान भावाने केलं. आणि ती वही मायने अजून ठेवली आहे.

माझ्या वाट्याला एक ओळ लिहायचं काम होतं.

घरात पत्र मोठ्याने वाचायला घेतलं, अर्ध्यावर आवाज बसला.

पोरी, पत्र पोचलं.

(तिची परवानगी घेऊन.)"

यातल्या काही जागा पाहा. वेचणीची ओळ मी मुद्दाम घेतलेली नाही. भावाजवळ वही पाठवावी लागली यावरून पोरगी शाळेत येऊ शकत नव्हती हे कळतं, का ते कळण्याची गरज नाही. तिने स्वतः "वेचणीचं पण लिहा गुरुजी" असं सांगितलं तर तिच्या पत्रातलं पहिलं वाक्य जोडा, एरवी नको. "गरीब", "हलाखी", "प्रतिकूल परिस्थिती" हे शब्द कुठेच नाहीत. ते घातले की ती दयेचा विषय होते आणि तुम्ही दाते होता.

"असं ती म्हणते" हे तीन शब्दही जपून ठेवा. न आठवणारी गोष्ट आठवते असं भासवायचं नाही आणि तिचं म्हणणं नाकारायचंही नाही, यातून ते आले आहेत. काढले तर वाक्य खोटं होईल.

"माझ्या वाट्याला एक ओळ लिहायचं काम होतं" ही ओळ अख्ख्या कॅप्शनचा कणा आहे. इथे तुम्ही स्वतःला शून्य करत नाही, ओळ तुम्ही लिहिली हे मान्य करता, पण तिचं माप तेवढंच ठेवता. याच्यापुढे "पण एका ओळीनेही आयुष्य बदलतं" असं काही जोडायचा मोह होईल. नको. ते वाचणाऱ्याने स्वतः म्हणावं. तुम्ही म्हटलंत की मघाशी लहान केलेली ओळ पुन्हा मोठी होते.

"आवाज बसला" ही ओळ माझी आहे, तुमची नाही. ती तशीच घेऊ नका. तुम्ही प्रश्नात "गळा दाटला" लिहिलं आहे, पण ती मनाची अवस्था झाली. कॅप्शनमध्ये त्याच्याऐवजी तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. पत्र घडी करून खिशात ठेवून दिवसभर फिरलात का? घरच्यांना हाक मारली का? दार लावून बसलात का? जे झालं असेल ते, एका वाक्यात. "डोळे पाणावले", "मन भारावून गेलं", "ऊर भरून आला" ही वाक्यं खरी असली तरी सत्काराच्या प्रत्येक बातमीत येऊन झिजली आहेत. वाचणारा त्यांच्यावरून सरळ पुढे जातो. आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं असेल तर साधं "रडू आलं" लिहा. एका निवृत्त गुरुजींनी असं लिहिलं तर कोणी हसणार नाही.

लांबीचं थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या मजकुराच्या स्टेटसला सातशे वर्णांची मर्यादा आहे आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार हे प्रत्येक वेगळे मोजले जातात. "गुरुजी" डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फोन सहा मोजतो. त्यामुळे मोठं कॅप्शन तिथे दाटीवाटीने बसेल किंवा तुटेल. तिथे चार ओळीच ठेवा. स्टेटस चोवीस तासांनी जातं आणि लोक ते भराभर अंगठ्याने पुढे ढकलत पाहतात, म्हणूनही लहानच बरं. फेसबुक मात्र लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळी दाखवून बाकीचा दडवतं. म्हणून पहिल्याच ओळीत "परवा एक पत्र आलं" हे यायला हवं. "नमस्कार मित्रहो, आज आपणा सर्वांशी एक हृद्य अनुभव शेअर करताना अत्यंत आनंद होत आहे" अशी सुरुवात केली तर दिसणाऱ्या जागेत फक्त प्रस्तावना राहते आणि पत्र दडून जातं.

फोटोबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण चुका तिथेच होतात. पत्राचा पूर्ण कागद टाकू नका. परवानगी ज्या ओळींची घेतली तेवढ्याच ओळी फोटोत याव्यात. त्यासाठी कागदाची घडी घाला किंवा नको असलेल्या भागावर दुसरा कोरा कागद ठेवा आणि मगच फोटो काढा. पूर्ण फोटो काढून नंतर फोनमधल्या मार्कर पेनने नाव आणि मोबाइल नंबर खोडण्याची पद्धत धोक्याची आहे. त्यातले बरेच पेन अर्धपारदर्शक असतात. फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. जे दाखवायचं नाही ते फोटोत येऊच द्यायचं नाही, हा साधा मार्ग. पाकीटही बाजूला ठेवा, त्यावर पत्ता आणि पिनकोड असतो.

फोटो ओसरीत किंवा खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात काढा. फ्लॅश लावला तर बॉलपेनची अक्षरं चमकून पुसट होतात. भर उन्हात काढला तर तुमच्याच हाताची आणि फोनची सावली कागदावर पडते. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून येईल असं उभं राहा. वहीच्या पातळ पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असेल तर मागची अक्षरं पुढे उमटून दिसतात. अशा वेळी कागदाखाली काळा किंवा गडद रंगाचा कागद ठेवा, मागची अक्षरं बरीच दबतात. तिने ती जुनी वही दाखवण्यासाठी फोटो पाठवला असेल तर पत्रापेक्षा तोच टाकावा असं मला वाटतं. त्यात तिचं अक्षर, तुमचा शेरा आणि वापरून मऊ झालेलं पान एकत्र आहे. मग कॅप्शनमधली "मला नीट आठवतही नाही" ही ओळ फोटोच्या शेजारी आणखी खरी वाटेल. मात्र त्या पानावरही वरच्या कोपऱ्यात तिचं नाव, वर्ग आणि शाळा लिहिलेली असण्याची शक्यता आहे, तिथे बोट ठेवून फोटो काढायला सांगा.

स्वतःचा फोटो, शाल-श्रीफळाचा तर अजिबात, या पोस्टसोबत नको. हात जोडलेल्या चिन्हांची माळ नको. हॅशटॅग नको. पाच-पंचवीस जणांना टॅग करणं म्हणजे प्रत्येकाला "बघा माझं पत्र" म्हणून बोलावणं झालं, तेही नको. तिला टॅग करायचं तर तिच्या वेगळ्या होकाराने, कारण टॅग केलं की नाव, फोटो, गाव सगळं आपोआप उघडं होतं आणि आपण जपलेलं सारं वाया जातं.

कधी टाकायचं? पत्र आलं त्या आठवड्यात. शिक्षक दिनासाठी किंवा गुरुपौर्णिमेसाठी राखून ठेवू नका. त्या दिवशी शुभेच्छांच्या गर्दीत ते हरवेल आणि बाकीच्या विद्यार्थ्यांना "तुम्ही काही लिहिलं नाहीत" अशी आठवण करून दिल्यासारखं वाटेल. तुम्ही निवृत्त आहात म्हणून एक अडचण तुम्हाला नाही, पण सेवेत असलेल्यांनी लक्षात ठेवावं. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या आहेत. त्यांत स्वयंप्रशंसा टाळण्याची आणि वैयक्तिक खात्यावर पदनाम, बोधचिन्ह, शासकीय इमारत वगैरे न वापरण्याची सूचना आहे. सेवेतल्या बाई-गुरुजींनी अशा पोस्टमध्ये शाळेची पाटी किंवा आपला हुद्दा घेऊच नये.

पोस्ट गेल्यावर प्रतिक्रिया येतील. "सर, तुमच्यासारखे शिक्षक आता राहिले नाहीत" ही हमखास येईल. तिला "धन्यवाद" म्हटलं तर आताच्या शिक्षकांना कमी लेखण्याला तुमची संमती दिसते. तिथे "आताच्या शाळांतही कोणाची ना कोणाची वही चालू असेल" असं उत्तर देऊन सोडा. दुसरे जुने विद्यार्थी आपापल्या आठवणी लिहितील. त्यांना एकसारखं हात जोडलेलं चिन्ह देण्यापेक्षा प्रत्येकाचं नाव घेऊन एक ओळ लिहा: "गजानन, तू मागच्या बाकावर खिडकीजवळ बसायचास ना?" आठवत नसेल तर "कोणत्या वर्षीची तुकडी रे?" असं विचारा. त्याला तेवढ्यानेही बरं वाटेल.

कोणी ओळखून "ही अमक्याची पोरगी ना?" असं खाली लिहिलं, तर ती प्रतिक्रिया लगेच काढून टाका आणि त्या माणसाला खासगीत सांगा की नाव मुद्दाम टाकलेलं नाही. गावात अंदाज बांधायला वेळ लागत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रिया पाहत राहा. आणि नंतर कधीही, सहा महिन्यांनी का होईना, तिला ती पोस्ट नकोशी वाटली, तर कारण न विचारता काढून टाका.